हिरवा चॅनल उलटा करून भागत नाही

गेम-आर्टचं काम करणाऱ्या कुठल्याही स्टुडिओत, पुण्यात काय नि मुंबईत काय, एक प्रसंग ठरलेला असतो. बेकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये झकास दिसलेली पेटी इंजिनात येते आणि तिच्या सपाट झाकणावर कोपऱ्यांकडे काळपट छटा पसरलेली दिसते. कुठे तिरकी रेघ, कुठे चकाकीला आलेला बाक. मग शेजारच्या टेबलावरून सल्ले सुरू होतात. पहिला म्हणतो, हिरवा चॅनल उलटा कर. दुसरा म्हणतो, टेक्स्चर 4के कर. तिसरा, जरा जास्त वाचलेला, म्हणतो की मेशचा दोष असूच शकत नाही, कारण हल्ली सगळीकडे मिकटी-स्पेस आहे आणि टॅन्जंट स्पेसचा प्रश्न कधीच मिटलाय.

पहिले दोन सल्ले निदान निरुपद्रवी आहेत. एखादा तास वाया जातो, एवढंच. तिसरा मात्र घातक आहे, कारण तो अर्धा खरा आहे आणि त्यामुळे माणूस नेमक्या जागी शोधायचंच सोडून देतो.

आधी त्यातला खरा अर्धा भाग पाहू. जिम ब्लिन यांनी 1978 मध्ये पृष्ठभाग प्रत्यक्ष न वाकवता त्याच्यावर सुरकुत्या दाखवण्याची युक्ती मांडली. आजचा नॉर्मल मॅप त्याच घराण्यातला. पुढे प्रत्येक सॉफ्टवेअरने टॅन्जंट काढण्याचं आपापलं गणित बसवलं. एकाच्या गणिताने बेक केलेला मॅप दुसऱ्याच्या गणिताने वाचला की छटा बिघडायची. मॉर्टन मिकेलसेन यांनी कोपनहेगन विद्यापीठातल्या 2008 च्या प्रबंधात या गोंधळावर उपाय दिला आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला केला. तोच मिकटी-स्पेस. ब्लेंडर, सबस्टन्स पेंटर, मार्मोसेट टूलबॅग, अनरियल, युनिटी या सगळ्यांत तो आहे. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही.

चूक होते ती पुढच्या उडीत. गणित एकच आहे, म्हणून उत्तरही एकच येणार, असं गृहीत धरलं जातं. त्या गणिताला खायला काय घातलं, हे कोणी विचारत नाही.

नॉर्मल मॅपमधला पिक्सेल म्हणजे पत्ता असतो, आणि तोही सापेक्ष पत्ता. ‘मारुतीच्या देवळापासून डावीकडे वळा’ असं कोणी सांगितलं, तर देवळाकडे तोंड करून डावीकडे की देवळाला पाठ करून डावीकडे, हे कळल्याशिवाय घर सापडत नाही. पिक्सेलमधले लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे म्हणजे ‘इतकं उजवीकडे, इतकं वर, इतकं बाहेर’. उजवं, वर आणि बाहेर म्हणजे नक्की कुठे, हे मात्र टेक्स्चरमध्ये लिहिलेलं नसतं. ते मेशमध्ये असतं: प्रत्येक शिरोबिंदूचा नॉर्मल, त्याला काटकोनात असलेला टॅन्जंट, आणि या दोघांवरून काढलेला बायटॅन्जंट. बेक करताना ही चौकट एक होती आणि इंजिनात दुसरी झाली, तर टेक्स्चरचा एकही पिक्सेल न बिघडता चित्र बिघडतं.

हे आकड्यांत पाहिलं की वादच संपतो. एक साधी घनाकृती पेटी घ्या. सहा बाजू, प्रत्येक बाजू यूव्हीमध्ये सुटी कापलेली, पण शेडिंग सगळीकडे मऊ, म्हणजे एकही हार्ड एज नाही. तिच्या कोपऱ्यावरचा नॉर्मल तिन्ही बाजूंच्या मधोमध तिरका उभा असतो. झाकण सपाट आहे, त्याची खरी दिशा सरळ वर. कोपऱ्यावरचा नॉर्मल या दिशेपासून सुमारे 55 अंश कललेला. तेव्हा ‘इथे पृष्ठभाग सपाट आहे’ एवढं सांगण्यासाठीसुद्धा बेकरला त्या कोपऱ्यात 55 अंशांची दुरुस्ती लिहावी लागते. झाकणाच्या यूव्हीचा आडवा अक्ष एक्सच्या दिशेने आणि उभा अक्ष वायच्या दिशेने असेल, तर कोपऱ्यातला पिक्सेल साधारण (75, 37, 201) असा येतो. सपाट भागाचा म्हणून जो फिकट जांभळा (128, 128, 255) सगळ्यांना पाठ असतो, त्याच्या तो जवळपासही नाही. मऊ शेडिंगच्या पेटीचा मॅप कोपऱ्यांकडे रंगीबेरंगी दिसतो तो याचसाठी. नवखा माणूस ते रंग पाहून मॅप खराब झाला म्हणतो आणि ते पुसून काढायला फोटोशॉप उघडतो. रंग पुसले की दुरुस्तीच पुसली जाते.

आता हाच पिक्सेल तीन वेगवेगळ्या चुकीच्या चौकटींत वाचून पाहू.

पहिली चूक नॉर्मलची. इंजिनाने फाइलमधले नॉर्मल टाकून स्वतःचे काढले आणि कडा हार्ड धरल्या. आता कोपऱ्यावरचा नॉर्मल सरळ वर आहे, त्याला दुरुस्तीची गरजच नाही. पण मॅपमध्ये 55 अंशांची दुरुस्ती लिहिलेली आहे आणि शेडर ती इमानेइतबारे लावतो. झाकणाचा कोपरा 55 अंश उलट्या बाजूला कलल्यासारखा दिसतो. दुसरी चूक टॅन्जंटची. काही गणितांत बायटॅन्जंट हा नॉर्मल आणि टॅन्जंट यांच्यावरून काढत नाहीत. यूव्हीचा उभा अक्ष स्वतंत्रपणे नॉर्मलशी काटकोनात बसवतात. मग टॅन्जंट आणि बायटॅन्जंट एकमेकांशी काटकोनात राहत नाहीत. मिकटी-स्पेसने बेक केलेला तोच पिक्सेल या चौकटीत वाचला, तर झाकणाचा कोपरा सुमारे 21 अंश कलतो. नॉर्मल तोच, यूव्ही तेच, टेक्स्चर तेच, फक्त एका अक्षाची व्याख्या वेगळी, तरी 21 अंश. चकचकीत धातूवर एवढा कल म्हणजे प्रतिबिंब पार भलतीकडे.

आणि तिसरी चूक, सल्लेगारांची लाडकी: हिरवा चॅनल. ओपनजीएलच्या पद्धतीत हिरवा वरच्या दिशेने वाढतो, डायरेक्टएक्सच्या पद्धतीत खाली. ब्लेंडर आणि युनिटी पहिल्या गोटातले, अनरियल दुसऱ्या. वरच्या पिक्सेलचा हिरवा उलट दिशेने वाचला, तर कोपऱ्यावर झाकणाची दिशा सरळ वर येण्याऐवजी आडवी, बरोबर वाय अक्षाच्या दिशेने येते. म्हणजे चूक थेट 90 अंशांची. हिरव्याची चूक असेल तर कोपऱ्यावर फिकट डाग पडत नाही, झाकणाचा तो कोपरा शेजारच्या भिंतीसारखा प्रकाश घेतो. शिवाय स्क्रू आणि खाचा उभ्या दिशेत आत-बाहेर उलटतात: वरून प्रकाश टाकला की फुगवटा खड्ड्यासारखा दिसतो, बाजूने टाकला की ठीक वाटतो. ही लक्षणं नसतील तर हिरवा उलटा करून 21 अंशांची चूक मिटणार नाही. उलट नव्वदीची नवी चूक पदरात पडेल.

म्हणून ‘आधी हिरवा उलटा करून बघ’ हा सल्ला निदान म्हणून फारच कच्चा आहे. हिरव्याची दिशा हा तर्काचा विषयच नाही. बेकर कोणत्या पद्धतीने लिहितो आणि इंजिन कोणत्या पद्धतीने वाचतं, हे दोन्ही ठाऊक असतं. अनरियलच्या टेक्स्चर सेटिंगमध्ये त्यासाठी Flip Green Channel आहे, किंवा बेक करतानाच डायरेक्टएक्स निवडता येतं. दोन्हीपैकी एक, एकदाच. दोन्ही केलं की पुन्हा मूळ पदावर.

आता त्या तिसऱ्या सल्लेगाराकडे परत येऊ. त्याला सर्वांत सणसणीत उत्तर मिकेलसेन यांच्याच कोडमध्ये आहे. `mikktspace.h` या फाइलमध्ये फंक्शनच्या घोषणांपेक्षा वाचण्यासारख्या आहेत त्या टिपा. तिथे स्पष्ट लिहिलंय की टॅन्जंट, बायटॅन्जंट आणि नॉर्मल हे पिक्सेलपर्यंत येताना पुन्हा एककाच्या लांबीचे करायचे नाहीत, आणि बेकरनेही नेमकं तसंच करायला हवं. बायटॅन्जंट पिक्सेल शेडरमध्ये काढायचा ठरवलं तर बेकरनेही तिथेच काढायचा. आणि चौकोनांचे त्रिकोण दोन्हीकडे सारखेच पडले पाहिजेत, नाहीतर शिरोबिंदूंवरची चौकट तंतोतंत जुळूनसुद्धा मधला भाग जुळणार नाही. म्हणजे ‘मिकटी-स्पेस आहे, प्रश्न मिटला’ हा दावा मिकटी-स्पेसच्या कर्त्यालाच मान्य नाही.

शेडरमधला मजकूर जेमतेम दोन ओळींचा आहे.

```
float3 B = s * cross(N, T);
float3 n = normalize(m.x * T + m.y * B + m.z * N);
```

यातला `m` म्हणजे मॅपमधून वाचलेली दिशा, आणि `s` हा उणे किंवा अधिक एक असतो. आरशासारख्या उलट्या यूव्हीसाठी तो लागतो. वाद पहिल्या ओळीच्या जागेवरून आहे: ती शिरोबिंदूवर चालवायची की प्रत्येक पिक्सेलवर? अनरियल पिक्सेलवर चालवतं. युनिटीची एचडीआरपी पाइपलाइनही पिक्सेलवर, पण युनिटीचाच जुना बिल्ट-इन स्टँडर्ड शेडर शिरोबिंदूवर. एकाच घरात दोन रीती. सबस्टन्स पेंटरमध्ये नवा प्रकल्प उघडताना Compute tangent space per fragment असा एक खाना दिसतो. बहुतेक जण त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तो याच प्रश्नासाठी ठेवलेला आहे.

त्रिकोणांचा मुद्दा वरवर क्षुल्लक वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. एक चौकोन घ्या, ज्याच्या तीन कोपऱ्यांवरचे नॉर्मल सरळ वर आणि चौथ्याचा 40 अंश कललेला. चौकोन कापायचे दोन मार्ग: एक कर्ण त्या कललेल्या कोपऱ्यातून जाणारा, दुसरा त्याला टाळणारा. पहिल्यात चौकोनाच्या मध्यावरचा नॉर्मल दोन टोकांच्या सरासरीने 20 अंश कललेला येतो. दुसऱ्यात मध्य सरळच राहतो. बेकरने पहिला कर्ण धरला आणि इंजिनाने दुसरा, तर मध्यावर 20 अंशांची चूक झाली, आणि ती नेमकी कर्णाच्या रेघेवर उमटते. इंजिनात सपाट पृष्ठभागावर तिरकी रेघ किंवा फुलीसारखी आकृती दिसली, की टॅन्जंटचं गणित तपासण्याआधी त्रिकोण तपासावेत. इथे कुठलंही मानक मदतीला येत नाही. मेश बेकरकडे जाण्याआधीच त्रिकोणांत तोडलेली असावी, आणि तीच तोडलेली मेश इंजिनाकडेही जावी.

‘सगळीकडे मिकटी-स्पेस’ हे वाक्य ‘सगळीकडे’ या शब्दापाशीच अडखळतं. अनरियलच्या पाचव्या आवृत्तीत नॅनाइट आलं, तेव्हा जागा वाचवण्यासाठी नॅनाइट मेशमध्ये शिरोबिंदूंचे टॅन्जंट साठवलेच जात नव्हते. पिक्सेल शेडर ते तिथल्या तिथे अंदाजाने काढत असे, आणि त्यामुळे कडांवर छटा तुटू शकते हे एपिकच्या दस्तऐवजातच नमूद होतं. नंतर Explicit Tangents हा पर्याय जोडला गेला. जीएलटीएफ 2.0 च्या मानकात, फाइलमध्ये टॅन्जंट नसतील तर ते मिकटी-स्पेसने काढावेत असं आहे, पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. थ्री जेएससारखी वेबवरची लायब्ररी फाइलमध्ये टॅन्जंट नसतील तर पडद्यावरच्या शेजारच्या पिक्सेलमधल्या फरकावरून चौकट बनवते. पेटी तीच, फाइल तीच, तरी तीन ठिकाणी तीन चौकटी.

मग करायचं काय? ब्लेंडरहून अनरियलकडे जाणारी आपली पेटीच घेऊ. सर्वांत मोठी चूक होते ती क्रमाची: लोक ब्लेंडरच्या आत चौकोनांच्या मेशवर बेक करतात आणि निर्यात नंतर करतात. क्रम उलटा हवा. आधी मेश त्रिकोणांत तोडायची, यूव्ही आणि कडा कायम करायच्या, मग एफबीएक्स निर्यात करायची, आणि तीच एफबीएक्स परत आत घेऊन तिच्यावर बेक करायचं. बेकनंतर एक शिरोबिंदू जरी हलवला तरी बेक शिळा झाला. निर्यातीत Smoothing हा पर्याय Normals Only वर सोडला, तर अनरियल स्मूदिंग ग्रुप सापडले नाहीत अशी सूचना देतं. Face किंवा Edge निवडलं की ती सूचना जाते.

अनरियलमध्ये आयात करताना नॉर्मलसाठी तीन पर्याय असतात: Compute Normals, Import Normals आणि Import Normals and Tangents. पहिला निवडला की तुमचे नॉर्मल कचऱ्यात, आणि कडा हार्ड धरल्या गेल्या तर वरची 55 अंशांची चूक दारात. वेटेड नॉर्मल हाताने बसवलेले असतील तर तेही गेले. दुसरा पर्याय आणि त्यासोबत Use MikkTSpace Tangent Space ही खूण, ही जोडी बहुतेक कामांना पुरते, कारण नॉर्मल, यूव्ही आणि त्रिकोण तेच असतील तर टॅन्जंट पुन्हा काढले तरी तेच येतात. तिसरा पर्याय बेकरने मिकटी-स्पेसखेरीज दुसरं काही वापरलं असेल तेव्हाचा. त्यासाठी निर्यात करताना ब्लेंडरचा Tangent Space हा खाना टिचकावा लागतो, आणि तो त्रिकोण-चौकोनांपलीकडच्या बहुभुजांवर चालत नाही. नंतर स्टॅटिक मेश एडिटरच्या बिल्ड सेटिंगमध्ये Recompute Normals चुकून चालू राहिलंय का, हेही पाहावं. आयातीच्या वेळी वाचवलेलं तिथे गमावता येतं.

इथे विरोधी बाजूचा एक मुद्दा मान्य करायलाच हवा. काही जुनेजाणते आर्टिस्ट म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? पेटीच्या कडा हार्ड करा, यूव्ही तिथेच कापा, डाग जातात. खरंच जातात. कडा हार्ड झाल्या की झाकणाच्या चारही कोपऱ्यांवरचे नॉर्मल सरळ वर येतात, मॅपमध्ये दुरुस्ती उरतच नाही, आणि दुरुस्तीच नाही तर ती चुकीची वाचण्याचा प्रश्नही येत नाही. यूव्ही जिथे कापलेली आहे तिथे शिरोबिंदू तसेही दुप्पट झालेले असतात, त्यामुळे हार्ड एजचा वेगळा खर्चही नाही. घनाकृती वस्तूंसाठी ही पद्धत चांगलीच आहे. शिवाय चौकट तंतोतंत जुळूनही थोडी कसर राहू शकते: अनरियल टॅन्जंटचा प्रत्येक घटक मुळात 8 बिटांत साठवतं, आणि मोठ्या चकचकीत पृष्ठभागावर तीव्र दुरुस्ती असेल तर ती कसर पट्ट्यांच्या रूपात दिसते. त्यासाठी Use High Precision Tangent Basis आणि 16 बिटांचा बेक आहे, पण दुरुस्ती मुळात कमी ठेवणं केव्हाही स्वस्त.

फक्त याला चौकटीच्या बिघाडाचा इलाज म्हणू नये. हेल्मेट, गाडीचा बॉनेट, चेहरा यांच्यावर हार्ड एज कुठे ठेवणार? तिथे दुरुस्ती लागणारच आणि चौकट जुळवावीच लागणार. पेटीवर डाग झाकून शांत बसलेला प्रकल्प बॉनेटवर उघडा पडतो. आणि हार्ड एज ठेवली पण तिथे यूव्ही कापली नाही, तर एकाच पिक्सेलवर दोन वेगळ्या दुरुस्त्यांचा दावा येतो आणि कडेवर पांढुरकी शिवण उठते. ती चूक वेगळी, तिचा इलाजही वेगळा.

राहता राहिलं निदान. टेक्स्चरच्या चुका आणि चौकटीच्या चुका डोळ्यांना वेगळ्या दिसतात. टेक्स्चरवर एसआरजीबीची खूण चुकून राहिली, तर मधला 128 हा आकडा 55 च्या आसपास वाचला जातो आणि सगळी वस्तूच एका बाजूला कलल्यासारखी दिसते, सपाट भागासह. दाबून साठवल्याचे दोष बारीक ठोकळ्यांच्या रूपात सगळीकडे दिसतात. चौकटीची चूक मात्र मेशच्या भूमितीला चिकटून असते: कोपऱ्यांकडे गडद होणारी, त्रिकोणांच्या रेघा पाळणारी. टेक्स्चर 4के केलं तर ती फक्त जास्त स्वच्छ दिसते.

खात्री करायला अनरियलमध्ये Buffer Visualization खाली World Normal हे दृश्य आहे. त्यात प्रकाश नाही, मटेरियल नाही, फक्त शेवटी हाती आलेली दिशा रंगात दिसते. पेटी तिथे उघडावी आणि झाकण पाहावं. त्याच्या सपाट भागाचा रंग चारही कोपऱ्यांपर्यंत एकच आला तर चौकट जुळली. कोपऱ्याकडे रंग सरकत गेला तर टेक्स्चरला हात लावू नये. ज्या एफबीएक्सवर बेक केलं तीच इंजिनात आहे का, हे आधी पाहावं.